‘पडताळणी झालेली कंपनी’ असा शिक्का असलेल्या बनावट इंटर्नशिपबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय/महोदया,

आम्ही तुमच्या पोर्टलचे पैसे भरून सदस्यत्व घेतले, ते कंपन्यांची पडताळणी तुम्ही करता असे तुम्ही सांगता म्हणून. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्याकडच्या एका जाहिरातीवर तिने अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी ऑफर लेटर आले. मुलाखत नाही, साधा फोनही नाही. महिना 15,000 रुपये स्टायपेंड, पण रुजू होण्याआधी 2,500 रुपये ‘परतावा मिळणारे प्रशिक्षण डिपॉझिट’ आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 450, असे 2,950 रुपये संध्याकाळपर्यंत भरायचे.

मी हिशेबाचे काम करतो, म्हणून आधी त्या 450 वर नजर गेली. जे पैसे परत द्यायचे आहेत, ते सेवेच्या मोबदल्यात वळते करून घेईपर्यंत त्यांच्यावर जीएसटी लागत नाही. म्हणजे एकतर ही फी आहे आणि ती परत मिळणार नाही, नाहीतर कर खोटा आहे. शिवाय कामाला ठेवणाऱ्यानेच उमेदवाराकडून पैसे का घ्यावेत, याचे उत्तर पत्रात कुठेच नव्हते.

मग लेटरहेड पाहिले. ‘2011 पासून कार्यरत’ असे छापलेले, पण खालच्या 21 अक्षरी सीआयएनमध्ये, म्हणजे कंपनीच्या ओळख क्रमांकात, नववे ते बारावे अक्षर 2023. तिथे कंपनीच्या नोंदणीचे वर्ष असते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तर भलत्याच नावाची कंपनी निघाली. कुणाचा तरी क्रमांक उचलून चिकटवलेला. क्रमांक खरा असला तरी पत्र खरे ठरत नाही, नाव आणि पत्ताही जुळावा लागतो.

शेवटी त्यांचा क्यूआर कोड स्कॅन केला. रक्कम भरण्याआधी घेणाऱ्याचे नाव दिसते, तिथे कंपनीऐवजी एका माणसाचे नाव. आम्ही तिथेच थांबलो. ‘एचआर मॅडम’ना कंपनीच्या चालू खात्याचा तपशील मागितला, तर ‘सीट दुसऱ्याला जाईल’ एवढेच उत्तर, आणि नंतर नंबर ब्लॉक.

हे सगळे तपासायला मला एक संध्याकाळ पुरली. तुमच्या पडताळणीत नेमके काय तपासले गेले, ते मला लेखी हवे आहे. ती जाहिरात आजही शिक्क्यासकट तुमच्याकडे झळकते आहे. ती ताबडतोब काढा, अर्ज केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळवा, आणि ज्यांनी पैसे भरले असतील त्यांना 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा, कारण पैसे पुढे वळण्याआधी खाते गोठवता आले तरच काही हाती लागते. जाहिरातदाराचा नोंदणी तपशील पुसू नका. मी cybercrime.gov.in वर तक्रार केली आहे, पोलीस तो मागतील.

आयटी नियम 2021 नुसार या तक्रारीची पोच 24 तासांत आणि निवारण नियमाने ठरलेल्या मुदतीत अपेक्षित आहे. उरलेल्या मुदतीचे सदस्यत्व शुल्कही परत करावे. ऑफर लेटर, क्यूआर कोड आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला,
एक सदस्य पालक, पुणे