विषय : चिकट झालेलं टेबल कव्हर आणि तुमचा "त्यावर जेवता का?" हा प्रश्न

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा चौथा कॉल संपला म्हणून लगेच लिहितेय. आठ महिन्यांपूर्वी घेतलेलं तुमचं व्हिनाइलचं डायनिंग टेबल कव्हर चिकट झालंय, ताट उचललं की कव्हरही वर येतं. त्यात मटणाच्या रश्श्याचे पिवळे डाग.

पहिल्या कॉलला सांगितलं सॅनिटायझरने पुसा. पुसलं. अजून चिकट झालं! व्हिनाइल मऊ राहावं म्हणून तुम्हीच त्यात प्लास्टिसायझर घालता ना, मग स्पिरिटने तो बाहेर ओढला जातो हे तुम्हाला माहीत नाही? थिनर, नेलपेंट रिमूव्हरचंही तेच.

आणि आजचा संवाद ऐका. मी म्हटलं हळदीचे डाग जात नाहीत. तर तो मुलगा म्हणे, "मॅडम, तुम्ही त्यावर जेवता का?" मी म्हटलं, डायनिंग टेबल कव्हर आहे ते. तर म्हणे, "हो मॅडम, पण रोज?" नाही रे बाळा, आम्ही दर एकादशीला जेवतो. वर म्हणे करी हा युजर फॉल्ट आहे. कोल्हापुरात कव्हर विकता आणि रस्सा हा फॉल्ट?

मी काय केलं तेही वाचा, निदान पुढच्या गिऱ्हाईकाला नीट सांगाल. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ फडकं, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून पूर्ण कोरडं केलं. तेलाचा आणि साबणाचा थर असता तर एवढ्याने गेला असता. दोन दिवस बरं होतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा चिकट, म्हणजे थर वरून बसत नाहीये, आतून येतोय. त्यावर धुणं हा उपाय नाही, टाल्कम पावडर लावली तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, बस.

डागांवर आधी कपड्याचा साबण घासला तर हळद लालभडक झाली, घाबरले, लिंबाने परत पिवळी. मग खायच्या सोड्याची पेस्ट पंधरा मिनिटं लावून हलकं पुसलं, थोडा फिका झाला. खरा फरक उन्हाने पडला, हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हापासून दुपारपर्यंत बाल्कनीत टाकलं तर डाग निम्मा गेला. पण तापलं की कव्हर अजून चिकट, म्हणजे डाग घालवू का चिकटपणा वाढवू, ठरवा तुम्हीच. आणि हो, गरम कुकर मी कधी त्यावर ठेवलेला नाही, ते विचारायच्या आधीच सांगते.

आधीचं तुमचंच कव्हर सहा वर्षं टिकलं होतं म्हणून विश्वासाने घेतलं हो. वाईट त्याचंच वाटतं.

मला पैसे परत हवेत, बदली कव्हर नको. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ वर तक्रार आणि मग ग्राहक आयोग. फोटो जोडलाय, काल त्यावर पेपर ठेवला होता, आज राशीभविष्य कव्हरवर उलटं उमटलंय. आणि परत सांगते, आम्ही त्यावर जेवतो. रोज.