कलाकाराचा परिचय की नोकरीचा अर्ज?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीत तुम्ही महोत्सवातल्या कलाकारांचे परिचय छापले, फोटोसकट, छान चौकटी करून. सगळे वाचले. गाणारी ताई, सतारवाले, पखवाजवाला, नावं झाकली तर कुठला परिचय कुणाचा ते ओळखायची सोय नाही. सगळ्यांना संगीताचं बाळकडू घरातच मिळालेलं, सगळ्यांना दिग्गजांचं मार्गदर्शन लाभलेलं आणि सगळ्यांनीच देश-विदेशात रसिकांना मंत्रमुग्ध केलेलं. यात तुमचा काही दोष नाही, आयोजकांनी दिलं ते तुम्ही लावलं, आणि आयोजकांना कलाकाराने व्हॉट्सअपवर जी फाईल पाठवली ती मुळात कुठल्यातरी स्कॉलरशिपच्या नाहीतर ऑडिशनच्या अर्जासाठी बनवलेली असते. अर्जाला ती बरोबरच आहे, तिथं समितीला मार्क द्यायचे असतात. पण सतरंजीवर येऊन बसलेल्या माणसाला मार्क द्यायचे नाहीत, त्याला एवढंच पाहिजे की हा समोरचा पोरगा आता काय वाजवणार आणि मी काय ऐकू.

मी अंबाजोगाईत राहतो आणि इथल्या छोट्या मैफिलींच्या पत्रिका हौसेने लिहून देतो, म्हणून एक उदाहरण नीट सांगतो. बीड जिल्ह्यातल्याच एका खेड्यातला तरुण पखवाजवादक, नाव इथं देत नाही. आपल्या भागात पखवाज काही नवा नाही, आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर याच मातीतले, त्यामुळे समोर बसणारे निम्मे लोक स्वतः टाळ धरणारे. या पोराने पाठवलेला परिचय असा होता: "यांना वारकरी परंपरेचा वारसा लाभला असून त्यांनी पखवाज विशारद ही पदवी प्रथम श्रेणीत प्राप्त केली आहे. विविध मान्यवर कलाकारांना साथसंगत केली असून अनेक पुरस्कारांनी ते सन्मानित आहेत." खाली पुरस्कारांची दीड पान यादी, त्यात तालुक्याच्या गणेश मंडळाचं सन्मानचिन्हसुद्धा.

मी त्याला फोन लावला. लिहून पाठव असं नाही म्हणलं, कारण लिहायला सांगितलं की माणूस लगेच "प्राप्त केली असून" मध्ये जातो. बोलता बोलता रेकॉर्ड केलं, त्याला विचारूनच. पुरस्काराचा विषयच काढला नाही. विचारलं की गुरुजींनी तुझं काय मोडून काढलं? आणि तो जो सुटला बघा. म्हणला, "काका, सप्त्यात वाजवून माझा हात लई जड झालता. कीर्तनात मागच्या माणसापर्यंत आवाज गेला पाहिजे ना, मग हाणायचं. गुरुजी म्हणले, इथं माईक आहे, तू कुणाला हाका मारायलास? मग कितीतरी महिने नुसता धा. दुसरं काहीच नाही." आता याच्यात सगळं आलं की नाही? वारकरी वारसा आला, गुरू आले, मेहनत आली, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला एक काम मिळालं.

त्यावरून जो मजकूर छापला तो असा:

"सप्त्यात कीर्तनामागे उभं राहून वाजवणारा हात हा. भजनी ठेक्याच्या 8 मात्रा त्याच्या अंगात होत्या, पण गुरुजींकडे गेल्यावर पहिले कित्येक महिने त्याला फक्त 'धा' वाजवायला मिळाला. 'तू कुणाला हाका मारायलास?' असं गुरुजी विचारायचे, ते त्याला अजून ऐकू येतं. आज तो चौताल वाजवणार आहे, 12 मात्रांचा, सुरुवात अगदी संथ. शेवटच्या परणांमध्ये मात्र कीर्तनातला जोर तो मुद्दाम परत आणतो, तो कुठे येतो ते बघा. पखवाज विशारद, आकाशवाणीचा श्रेणीप्राप्त कलाकार."

गुरुजींचं पूर्ण नाव पत्रिकेत होतं, इथं गाळलंय. पदवी आणि आकाशवाणी शेवटच्या ओळीत आहेत, काढून टाकलेल्या नाहीत, कारण प्रायोजकाला ते लागतं आणि पोराने ते कष्टाने मिळवलंय. फक्त पहिल्या ओळीत त्यांचं काम नाही. पुरस्कारांची यादी मात्र सगळी गेली, त्यावर तो थोडा नाराज झाला हेही सांगतो. त्याच्या वडिलांना यादी पाहिजे होती.

काहीजण म्हणतात की कलाकाराचा आवाज पाहिजे तर सरळ "मी" करून लिहा ना. आपल्याकडे ते जमत नाही. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणारी माणसं आपण, तिथं छापील कागदावर "मी असं वाजवतो, मी तसं वाजवतो" हे उद्धट दिसतं, आणि निवेदकाने ते माईकवर वाचलं तर भलतंच, "मी" म्हणजे नक्की कोण? म्हणून बाकी सगळं "तो" किंवा "त्या" मध्ये आणि मध्ये एखादंच वाक्य अवतरणात, जसं बोलले तसं. ते वाक्य पुस्तकी करायचं नाही. "मारायलास" चं "मारतो आहेस" केलं की आमच्या मराठवाड्याचा पोरगा गेला आणि कोणीतरी दुसराच आला.

लांबीचंही बोलतो. साधारण 70-80 शब्द बास. निवेदक 500 शब्दांचा परिचय वाचायला घेतो तेव्हा चार-पाच मिनिटं सहज जातात, आणि पखवाजवाल्याने डावीकडे कणीक लावून स्वर जुळवून ठेवलेला असतो. वरून लाइटची गरमी, कणीक वाळायला लागते, डाव्याचा घुमारा बारीक होतो, मग तो बिचारा "सन्मानित करण्यात आले" चालू असताना बोट ओलं करून कणीक दाबत बसतो आणि पुढं परत दोन मिनिटं जुळवाजुळव. लोकांना वाटतं याची तयारी नाही.

अजून एक, हे जरा कडू आहे. "मार्गदर्शन लाभले" या दोन शब्दांखाली काय काय झाकलं जातं ते संगीतातल्या माणसाला बरोबर कळतं. दोन दिवसांच्या शिबिरात मागच्या रांगेत बसलेला पोरगाही मोठ्या बुवांचं नाव तिथं टाकतो आणि ज्यांनी खरंच वर्षानुवर्षं शिकवलं ते गावचे गुरुजी यादीत पाचवे. मी सरळ विचारतो, कोणाकडे किती वर्षं बसलास. ज्याच्याकडे बसला त्याचं नाव येणार, शिबिराचं नाही. तसंच "पंडित". लोकांनी म्हणलं तर ठीक, स्वतःच्या फाईलमध्ये स्वतःच लावलेलं असेल तर मी काढतो, भांडण झालं तरी.

तुमच्याकडे पुढच्या महोत्सवाचे परिचय येतील तेव्हा आयोजकांना एवढंच कळवा की यादी पाठवू नका, कलाकार त्या दिवशी काय सादर करणार, कोणाकडे शिकले आणि त्यांच्या तोंडचं एक वाक्य पाठवा. छापायच्या आधी गुरूचं नाव आणि घराणं कलाकाराला फोनवर वाचून दाखवा, व्हॉट्सअपवर "ओके" आलं म्हणजे वाचलं असं धरू नका, दौऱ्यावर असतात, न बघता अंगठा पाठवतात.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई