त्या स्थळाबद्दल, फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून

आई, बाबा,

काल फोनवर तू विचारलंस "मग, काय ठरलं?" आणि मी मीटिंग आहे सांगून ठेवून दिला, मीटिंग वगैरे काही नव्हती, सॉरी. माझ्याकडून नाही आहे.

मुलात खोट काढायला काहीच नाही. पोह्यांच्या वेळी तर सगळे होते, पण रविवारी कोथरूडला दोघंच भेटलो ना, दोन तास बसलो, तो वेळेवर आला, वेटरशी नीट बोलला, पगार न विचारता माझं काम काय असतं ते विचारलं. पण गप्पा पुढे सरकेनातच. मी बाबांच्या लुनाचा तो घाटातला किस्सा सांगितला, ज्याच्यावर सगळे हसतात, तर तो "अच्छा, छान" म्हणाला आणि मग आम्ही दोघंही मेनूकार्ड वाचत बसलो, ऑर्डर देऊन झाल्यावर! मला वाटतं त्यालाही तसंच वाटलं असणार.

"लग्नानंतर होतं सगळं" हे तू म्हणशील आई, तुमचं झालं पण. मला तिसऱ्यांदा भेटायची उत्सुकताच नाहीये, आणि तरी भेटले तर ते लोक पुढची बोलणी धरून चालतील.

आता कळवायचं कसं, तर प्लीज पत्रिकेवर ढकलू नका. ३६ पैकी २७ गुण जुळतात हे आत्यानेच त्यांना कौतुकाने सांगितलंय, आता जुळत नाही म्हटलं तर ते दुसऱ्या गुरुजींकडे जातील आणि आत्या उगाच खोटी पडेल. "सध्या दोन वर्षं लग्न करायचं नाही" हेही नको, चार महिन्यांत दुसरं स्थळ बघितलं की कळणारच, गाव केवढंसं ते. बाबा, तुम्ही आत्याला एवढंच सांगा की घर आवडलं, माणसं आवडली, पण मुलीचं मन होत नाहीये. कारण विचारलं तरी उंची, नोकरी, फ्लॅट काही काढायचं नाही, एकदा काढलं की ते चारचौघांत फिरतं. आणि व्हॉट्सॲपवर नको, फोन करा, या आठवड्यातच, कारण त्यांनी आपल्यासाठी दुसरं एक स्थळ थांबवून ठेवलंय असं त्याची आई बोलता बोलता म्हणाली होती. तुमचा फोन झाला की मला मिस्ड कॉल द्या, मग मी त्यालाही मेसेज करेन, त्याला फक्त घरच्यांकडून कळावं हे मला बरं वाटत नाही. आणि फॅमिली ग्रुपवर टाकलेला त्याचा बायोडाटा मामाला डिलीट करायला सांग, त्यात त्यांचा पत्ता, नंबर सगळं आहे.

आई, तू नाराज होशील माहितीये, त्या काकू तुला खूप आवडल्यात. त्यांचा चकल्यांचा स्टीलचा डबा अजून आपल्याकडेच आहे ना? रिकामा नको पाठवूस, मी शनिवारी येतेय, शेंगदाण्याचे लाडू करू दोघी मिळून आणि आत्याकडे देऊ.

तुमची,
चिऊ