वाचनालयातल्या त्या काकांचे आभार

आईच्या जुन्या फोटोमागे बाबांच्या अक्षरात एक पुसट ओळ होती. मी ‘लाजऱ्या माझ्या मुला रे’ असं वाचलं आणि महिनाभर अंगाईगीतं धुंडाळली.

वाचनालयात शेजारी बसलेल्या काकांनी फोटो मागितला. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला. शाई उडाली होती, पण बॉलपेनच्या दाबाची खाच उरली होती. ‘म’ला उजवीकडे आकडी दिसली. ‘मुला’ नव्हे, ‘फुला’!

“मुखडा नाही, अंतरा आहे,” म्हणत त्यांनी हळूच चाल गुणगुणली. ‘शुक्रतारा मंद वारा’! पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल. सुधा मल्होत्रांना अरुण दाते उत्तर देतात, ती ओळ.

गाण्याचं नाव त्यांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं, फोटोला पेन लागू दिलं नाही. काका, नाव विचारायचं राहिलं. आईला ओळ वाचून दाखवली. पुढची तिनेच म्हटली.