चिंगीचा पंजा

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय संजू,

नेरूळहून लोकलने परत येताना ठाणे येईपर्यंत डोक्यात तुझी चिंगीच होती. काकू हातावर हळद दाबत म्हणाल्या, "मांजराची जातच बेइमान," आणि तूही मान डोलावलीस. ते मला फार लागलं, म्हणून लगेच लिहायला बसलो. (हळद राहू दे. असा ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगला धुवायचा, आणि चिंगीची रेबीजची लस राहिली असेल तर काकूंना उद्याच डॉक्टरांकडे ने.)

मी समोरच बसलो होतो, त्यामुळे मला सगळं दिसलं. चिंगी आपण होऊन काकूंच्या मांडीवर आली. त्या गालावर, हनुवटीखाली खाजवत होत्या तोवर ती डोळे मिटून घुरघुरत होती. मग मालिका सुरू झाली, काकूंची नजर टीव्हीकडे गेली आणि हात मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत सारखा फिरू लागला. आधी घुरघुर थांबली. मग शेपटीचं टोक टपटप हलायला लागलं. पाठीची कातडी थरथरली, गाईच्या अंगावर माशी बसल्यावर थरथरते ना, तशी. कान आडवे झाले. शेवटी तिने मान वळवून हाताकडे पाहिलं. हात थांबला नाही, तेव्हा कुठे फिस्स केलं आणि पंजा मारला. इतक्या वेळा सांगून झाल्यावर मारलेल्या पंजाला बेइमानी कसं म्हणायचं?

मांजराची कातडी स्पर्शाला फार हळवी असते. तोच हात त्याच जागी फिरत राहिला की आधी गोड वाटणारा स्पर्श नकोसा होतो. मांजरं एकमेकांना चाटतात तेही बहुतेक डोकं आणि मान, तेही थोडाच वेळ. पाठभर लांबलचक हात फिरवणं ही आपली आवड, तिची नव्हे.

तू एवढंच कर. तीन-चार सेकंद गाल किंवा कानांच्या पुढचा भाग खाजव आणि हात काढून घे. तिने डोकं पुढे करून हाताला घासलं तर पुन्हा खाजव. नुसती बसून राहिली किंवा तोंड फिरवलं तर तिथेच थांब. उताणी पडून पोट दाखवलं तरी पोटाला हात लावू नकोस. बऱ्याचदा त्याचा अर्थ "मी इथे निर्धास्त आहे" एवढाच असतो. पंजा बसलाच तर हात झटकू नकोस, झटकला की नखं आणखी रुततात. ओरडूही नकोस. फिस्स केल्याबद्दल मार खाल्लेलं मांजर पुढच्या वेळी फिस्स न करता थेट चावू शकतं.

एक मात्र नीट आठवून बघ. आधी खुशाल हात फिरवू देणारी चिंगी अलीकडेच अशी करायला लागली आहे का? किंवा कमरेजवळ एका ठरावीक जागी हात लागला की दचकते का? तसं असेल तर दुखणं असू शकतं. सांधे, दात किंवा कातडीचं काही. मग ते खाजवायचे प्रयोग बाजूला ठेव आणि तिला आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखव.

दोन दिवस तिच्या शेपटीवर लक्ष ठेव आणि काय दिसलं ते कळव. काकूंच्या हाताचंही.

तुझा,
अवि