फंक्शनल की टेक्निकल? एका रिपोर्टवरून सांगते

ऐरोली, नवी मुंबई
रविवार

प्रिय सायली,

तुझा मेसेज वाचला. ठाण्यातल्या सॅपच्या क्लासवाल्यांनी तुला सांगितलं, "कॉमर्सवाल्यांनी फंक्शनल घ्यायचं, कोडिंगवाल्यांनी टेक्निकल." आणि तू विचारतेस की म्हणजे दिवसभर नेमकं करायचं काय? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि फोनवर त्याचं उत्तर धड देता आलं नसतं. सॅप म्हणजे मोठ्या कंपन्या आपली खरेदी, माल आणि हिशेब ज्यात ठेवतात ते सॉफ्टवेअर. मी त्यात फिको बघते, म्हणजे हिशेबाची बाजू. त्यातलंच एक काम घेऊन सांगते.

तू वागळे इस्टेटमधल्या ज्या वर्कशॉपची बिलं टॅलीत टाकतेस, तशी वर्कशॉप मोठ्या कंपन्यांना माल देतात. असा पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. 2023 च्या वित्त कायद्याने याला प्राप्तिकराची जोड दिली: मुदत उलटून वर्षअखेरीला बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, पैसे देऊ त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे कंपनीचे अकाउंट्स हेड म्हणतात, "मुदत उलटलेल्या बिलांची यादी सॅपमधून काढून द्या."

मागणी एका ओळीची. फंक्शनल कन्सल्टंटचं काम इथून सुरू होतं, आणि पहिला प्रश्न असतो: 45 दिवस कुठल्या तारखेपासून?

समज, पुरवठादाराच्या बिलावर तारीख आहे 1 एप्रिल. माल गेटवर आला 3 एप्रिलला, स्टोअरवाल्यांनी त्याच दिवशी सॅपच्या MIGO या स्क्रीनवर आवक केली. बिल मात्र टेबलांवरून फिरत फिरत अकाउंट्सला पोचलं आणि बिल नोंदायच्या MIRO या स्क्रीनवर नोंदलं गेलं 20 एप्रिलला. सॅप पैसे देण्याची तारीख मोजतं ती बेसलाइन डेटपासून, आणि या कंपनीत पेमेंट टर्म अशी लावलेली आहे की नोंदणीची तारीखच बेसलाइन होते. म्हणजे सिस्टिमच्या हिशेबाने मुदत 4 जून. कायद्याच्या हिशेबाने 3 एप्रिलपासून 45 दिवस, म्हणजे 18 मे. मधले 17 दिवस सिस्टिम सगळं आलबेल दाखवणार आणि कंपनी प्रत्यक्षात थकबाकीदार असणार.

हे ओळखायला कोडिंग लागत नाही. बिलाचा आणि मालाचा प्रवास माहीत असावा लागतो आणि कायदा वाचलेला असावा लागतो. मग पुढचे प्रश्न सुचतात. हे संरक्षण मध्यम उद्योगांना नाही, नुसत्या व्यापाऱ्यांनाही नाही; मग वेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या माहितीत, उत्पादक आणि व्यापारी वेगळे ओळखणारी खूण आहे का? एका बिलाचा माल तीन खेपांत आला तर कुठली तारीख धरायची? मालावर लेखी हरकत घेतली असेल तर? ही उत्तरं अकाउंट्स, स्टोअर आणि कंपनीचे सीए यांच्यासमोर बसून मिळवायची, आणि मग फंक्शनल स्पेसिफिकेशन लिहायचं: रिपोर्टच्या स्क्रीनवर काय विचारायचं, कुठले कॉलम दाखवायचे, तारीख कुठून घ्यायची, परत पाठवलेला माल कसा वजा करायचा. आमच्या क्षेत्रात या कागदाइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, असं मला मनापासून वाटतं. तो ढिसाळ असेल तर पुढचा प्रोग्रॅम कितीही सुबक असो, चुकीचंच उत्तर देतो.

आता टेक्निकलकडे ये. तो कागद एबॅप, म्हणजे सॅपची प्रोग्रॅमिंगची भाषा, लिहिणाऱ्या डेव्हलपरकडे जातो. न दिलेली बिलं एका टेबलात, आवक-जावकेचा इतिहास EKBE नावाच्या दुसऱ्या टेबलात. या दोन्हींची सांगड घालणं हे त्याचं काम. सोपं वाटतं, पण त्याचीही एक खोल बाजू आहे. या जोडणीसाठी अजूनही खूप ठिकाणी एबॅपमधली FOR ALL ENTRIES ही रचना वापरतात, आणि ते हुबेहूब सारख्या ओळी गुपचूप एकच करून टाकतं. एकाच ऑर्डरवर, एकाच दिवशी, 25,000 रुपयांच्या दोन खेपा आल्या आणि डेव्हलपरने आवकेचा कागद क्रमांक न घेता फक्त तारीख आणि रक्कम घेतली, की 50,000 चे 25,000 होतात. एरर येत नाही. आणि ज्या यादीवरून शोधायचं ती रिकामीच असेल, तर अट गळून पडते आणि टेबलातल्या सगळ्या ओळी अंगावर येतात. चाचणीच्या सिस्टिममध्ये चारशे ओळी असतात, त्यामुळे कळत नाही. खऱ्या सिस्टिममध्ये रिपोर्ट अडकून बसतो. हे आधीच जाणणारा डेव्हलपर मिळाला तर फंक्शनल माणसाने त्याला जपावं.

ती 25,000 ची चूक सापडते कशी? चाचणी करताना मी थोडे पुरवठादार निवडते, पुरवठादारांच्या खात्याच्या FBL1N या स्क्रीनवरून त्यांची बाकी काढते, आवकेची यादी हाताने जुळवते आणि रिपोर्टची बेरीज तिच्याशी ताडून बघते. बँक रिकन्सिलिएशन तू करतेस ना, तीच सवय. बेरीज जुळली नाही की मी डेव्हलपरला सांगू शकते, "अमुक ऑर्डरची एक खेप गळतेय." "रिपोर्ट चुकतोय" एवढंच सांगणाऱ्या फंक्शनल माणसाचा टेक्निकल टीमला खरोखर वैताग येतो.

म्हणून क्लासवाल्यांची विभागणी मला अर्धीच पटते. फंक्शनलला कोड लिहावा लागत नाही, पण टेबलं वाचता यायला हवीत आणि डीबगरमध्ये एखादी किंमत कुठे बदलली एवढं तरी बघता यायला हवं. टेक्निकलला जर्नल एंट्री समजली तर तो कितीतरी पुढे जातो. बी.कॉम. करून एबॅप शिकलेले लोक माझ्या बघण्यात आहेत. तुला तर्काची कोडी सोडवत तासन्‌तास एकटीने बसायला आवडत असेल, तर तो रस्ता बंद समजू नकोस.

वाटा पुढे वेगळ्या होतात. टेक्निकलमध्ये एबॅपवरून नव्या स्क्रीनचं फिओरी, डेटा जोडणारे सीडीएस व्ह्यू, इंटिग्रेशन, मग टेक्निकल आर्किटेक्ट. तिथे तंत्र बदलतं तसं पुन्हा शिकावं लागतं. फंक्शनलमध्ये आधी सपोर्टची तिकिटं, मग इम्प्लिमेंटेशन, मग मॉड्यूल लीड, सोल्युशन आर्किटेक्ट. इथे हिशेबाचं ज्ञान जुनं होत नाही, पण माणसांशी सतत बोलावं लागतं, आणि महिनाअखेर नि गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम सुरू होण्याच्या, दिवसांत घरी जायची वेळ ठरलेली नसते. सध्या सॅपच्या ईसीसी या जुन्या आवृत्तीवरून एस/4 हाना या नव्या आवृत्तीवर जाण्याची कामं बरीच आहेत, कारण ईसीसीचा मुख्य सपोर्ट सॅपने 2027 अखेरपर्यंतच ठेवलाय.

एक गोष्ट क्लासवाले सांगणार नाहीत. फ्रेशरला थेट फंक्शनल कन्सल्टंट म्हणून घेणाऱ्या जागा थोड्या असतात, कारण क्लायंटला त्याची पुस्तकं समजणारा माणूस हवा असतो. म्हणून माझं मत असं, की मोठी फी आत्ता भरू नकोस. परीक्षा झाली की महापे, तळोजा किंवा ठाण्यातल्या एखाद्या सॅप वापरणाऱ्या कंपनीत अकाउंट्स पेएबलची नोकरी बघ, पगार थोडा कमी असला तरी. वर्ष-दोन वर्षं MIRO मध्ये बिलं नोंदव, अडकलेली बिलं का अडकली ते शोध, महिनाअखेर बघ. मग कोर्स कर. तेव्हा कॉन्फिगरेशनची प्रत्येक स्क्रीन तुला कुठल्यातरी बिलाची आठवण करून देईल.

तोवर एक कर. वर्कशॉपची गेल्या तीन महिन्यांतली बिलं घे आणि एक्सेलमध्ये चार तारखा मांड: बिलाची, माल पोचल्याची, पैसे यायला हवे होते ती आणि प्रत्यक्ष आले ती. ज्या बिलांत माल पोचल्याची तारीख सापडत नाही ती वेगळी काढ, आणि का सापडत नाही ते मालकांना विचार. ती शीट मला पाठव. पुढच्या शनिवारी मी ठाण्यात येतेय, तेव्हा तिच्यावरूनच आपण दोघी मिळून एक स्पेसिफिकेशन लिहू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैदेही