पापण्या काळवंडल्या असतील, तर रुग्णाला उकिडवं बसवून उठवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी त्वचारोगांवर उपचार करते. डर्मॅटोमायोसायटिस या आजाराबद्दल हे पत्र आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर आणि स्नायूंवर उलटते, तो हा आजार. तो फारसा आढळत नाही. पण माझ्याकडे येणारे याचे रुग्ण बहुतेक वेळा एक्झिमाच्या किंवा उन्हाच्या नावाखाली महिनोन्‌महिने ट्यूब लावून आलेले असतात.

कापूस वेचणाऱ्या एका पंचेचाळिशीच्या बाईंचं उदाहरण सांगते. वरच्या पापण्या सुजल्या आणि काळवंडल्या. पुस्तकात हा रंग जांभळा लिहिलेला असतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो तपकिरी-काळपट दिसतो, त्यात जांभळी झाक नीट उजेडात पाहिली तरच कळते. त्यांना सांगण्यात आलं की उन्हाने झालंय, वांग आहे. मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब मिळाली. खाज थोडी कमी झाली, त्यामुळे निदान बरोबर आहे असं सगळ्यांना वाटलं. मग बोटांच्या सांध्यांवर खरखरीत, खवले सुटणारे चट्टे आले. ते भांड्यांच्या साबणावर ढकलले गेले.

खरं तर हाताकडे नीट पाहिलं असतं तर फरक तिथेच दिसला असता. साबणाचा एक्झिमा सहसा बोटांच्या बेचक्यांत आणि कडांना होतो. या बाईंचे चट्टे नेमके सांध्यांच्या उंचवट्यांवर होते, पेराच्या मधली कातडी जवळपास स्वच्छ. नखांच्या मुळाशी कातडी फाटल्यासारखी आणि तिथे बारीक लाल रक्तवाहिन्या फुगलेल्या. चेहऱ्यावरचा डाग नाकाच्या बाजूच्या घडीतही उतरलेला होता, वांग सहसा तिथे उतरत नाही.

एव्हाना त्यांना जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागत होता. वेणी मुलगी घालून द्यायची, कारण हात डोक्यापर्यंत जाऊन टिकत नव्हते. संडासातून उठायला कोणीतरी धरावं लागे. हे त्यांनी कोणत्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. कातडीच्या तक्रारीसाठी गेलेली बाई पायांचं कशाला सांगेल? कोणी विचारलंही नाही. थकवा म्हणून रक्त तपासलं, त्यात लिव्हरच्या तपासणीत मोजली जाणारी एसजीओटी, एसजीपीटी ही द्रव्यं वाढलेली निघाली आणि लिव्हरच्या गोळ्या सुरू झाल्या. ही द्रव्यं स्नायूंतूनही रक्तात येतात. बिलिरुबिन आणि जीजीटी या लिव्हरच्याच इतर तपासण्या नॉर्मल असताना ती वाढली असतील, तर पुढची तपासणी सीपीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याची, असायला हवी होती. ती मी करायला सांगितली. नॉर्मल साधारण दोनशेच्या आत असतं, त्यांचं चार हजारांच्या वर निघालं.

उशीर इथे महागात पडतो. घशाचे स्नायू धरले की भाकरी अडकते, पाणी नाकातून येतं, घास श्वासनलिकेत जातो. काहींच्या फुप्फुसांना सूज येऊन दम लागतो, आणि याच्या एका प्रकारात तर स्नायू फारसे दुबळे नसतानाही काही आठवड्यांत जीव धोक्यात येतो. प्रौढांमध्ये, विशेषतः चाळिशीनंतर, या आजाराच्या मागे कर्करोग दडलेला असू शकतो. स्त्रियांत अंडाशय आणि स्तन आवर्जून तपासावे लागतात. या बाईंना मी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्झेट सुरू झालं. कर्करोग सापडला नाही. चार महिन्यांनी त्या टेकू न घेता उठू लागल्या, वेचणीला मात्र अजून जात नाहीत.

साहेब, मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या प्रशिक्षणात एवढं घाला: पापण्या काळवंडलेल्या किंवा बोटांचे सांधे खवल्यांचे दिसले, की रुग्णाला हात न टेकता उकिडवं बसून उठायला लावायचं, आणि दोन्ही हात डोक्यावर धरून ठेवायला सांगायचं. सोबत गिळताना त्रास होतो का आणि दम लागतो का, हे दोन प्रश्न. प्रशिक्षणातले फोटो आपल्या रंगाच्या कातडीचे असू द्या. गोऱ्या कातडीवरचा जांभळा रंग शिकलेल्या डॉक्टरला काळपट पापणी ओळखू येत नाही.

दुसरं म्हणजे, सीपीकेची तपासणी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मोफत आणि त्याच दिवशी व्हावी. आमच्याकडे त्यासाठी रुग्णाला खाजगी लॅबमध्ये पाठवावं लागतं, आणि मजुरी बुडते म्हणून अनेक जण जातच नाहीत. मात्र परिपत्रकात एक वाक्य ठळक हवं: सीपीके नॉर्मल आलं म्हणून आजार नाही असं धरू नये. काही रुग्णांत ते वाढतच नाही. पापण्या आणि सांधे तसे दिसत असतील, तर रिपोर्ट काहीही असो, रुग्णाला पुढे पाठवावं. दम लागत असेल तर त्याच दिवशी.

आपली,
विदर्भातील एक त्वचारोगतज्ज्ञ